वर्गणीची पावती आणि जमाखर्चाचे निवेदन : गणेशोत्सव मंडळांनो, या चुका टाळा

आमच्या गल्लीतील मंडळाचा हिशेब गेली अनेक वर्षे माझ्या हाताखालून जातो, आणि आसपासच्या दोन-तीन मंडळांचे खजिनदारही विसर्जनानंतर पिशवीभर कागद घेऊन माझ्याकडे येतात. पैसे खाल्ले गेल्याची प्रकरणे त्यांत मला क्वचितच दिसली. बहुतेक वेळा पै न् पै जागेवर असते; कागद मात्र असा लिहिलेला असतो की वाचणाऱ्याला संशय यावा. दरवर्षी त्याच त्या चुका दुरुस्त करून आता कंटाळा आला आहे, म्हणून त्या एकदा लिहून ठेवतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पैसे हातात पडण्याआधी पावती फाडणे. वर्गणीला निघालेल्या मुलांना घाई असते. दुकानदार म्हणतो, ‘पंधराशे लिही, संध्याकाळी पाठवतो.’ मुलगा पावती लिहितो, फाडून देतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. ती संध्याकाळ कधी उजाडतच नाही. स्थळप्रतीवर मात्र पंधराशे रुपये कायमचे जमा झालेले असतात.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका मंडळात यावरून जे घडले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. त्यांच्या नव्या खजिनदाराने स्थळप्रतींची बेरीज करून वर्गणी २,२३,१५० रुपये धरली. त्यात दानपेटीचे १४,३२०, कमानीवरील जाहिरातींचे ३६,००० आणि मागील वर्षाची शिल्लक १८,४०० रुपये मिळवले, आणि एकूण खर्च २,५१,१५० वजा केला. शिल्लक ४०,७२० रुपये निघाली. प्रत्यक्षात बँकेत २१,८७० आणि डब्यात ३,३५० असे मिळून २५,२२० रुपयेच होते. १५,५०० रुपयांचा फरक कुठे गेला हे शोधायला रात्री अकरा वाजता कोणालाच उत्साह नव्हता, आणि सकाळी फलक लावायचा होता. तेव्हा कोणीतरी सुचवले की ‘किरकोळ खर्च १५,५००’ अशी एक ओळ घालावी. ती घातली. हिशेब जुळला.

फलकासमोर सर्वांत आधी थांबले ते गल्लीतील एक निवृत्त शिक्षक. त्यांनी खजिनदाराला हाक मारून विचारले, ‘अरे, मूर्ती बत्तीस हजारांची आणि किरकोळ साडेपंधरा हजारांचे? हे किरकोळ म्हणजे नेमके काय रे?’ खजिनदाराला उत्तर देता आले नाही. दुपारपर्यंत गल्लीत बोलवा झाली, आणि संध्याकाळी तो मुलगा रडवेल्या चेहऱ्याने पावतीपुस्तके घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

फरक सापडायला दोन तास लागले. मी सगळी बेरीज पुन्हा करत बसत नाही. आधी पावत्या रोख, चेक आणि यूपीआय अशा वेगळ्या करतो, कारण फरक कोणत्या वाटेने शिरला हे कळले की शोधाचे क्षेत्र एकदम आक्रसते. स्थळप्रतींवर यूपीआयने आलेली वर्गणी १,१२,४०० दिसत होती; बँकेच्या उताऱ्यात त्या मार्गाने १,०१,९०० रुपयेच जमा झाले होते. म्हणजे १०,५०० रुपये इथेच कमी पडत होते. मग एकेक जमा नोंद पावतीशी लावत गेलो, तेव्हा सात पावत्या उरल्या, प्रत्येकी पंधराशेच्या. सातही एकाच संध्याकाळच्या, एकाच रस्त्यावरील दुकानांच्या होत्या, आणि त्यांपैकी दोन स्थळप्रतींच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘नंतर’ असे लिहिलेलेही होते.

उरलेले पाच हजार रोखीतले होते. महाप्रसादाच्या भांड्यांसाठी भांडीवाल्याकडे अनामत ठेवली होती, आणि दोन पातेली परत न गेल्यामुळे त्याने ती अडवून धरली होती. अनामत हा खर्च नव्हे, म्हणून ती खर्चात धरली नव्हती, हे बरोबरच होते. परंतु पैसा डब्यातून गेला होता आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

दुरुस्त निवेदनात वर्गणी २,१२,६५० झाली, वर्षाची एकूण जमा २,६२,९७० आणि आरंभीची शिल्लक धरून २,८१,३७० झाली. खर्च तेवढाच राहिला, आणि अखेरची शिल्लक ३०,२२० रुपये आली. त्याखाली मी एक वाक्य घालायला लावले : ‘ही शिल्लक बँकेत २१,८७०, रोख ३,३५० आणि भांड्यांच्या अनामतीपोटी येणे ५,००० अशी आहे.’ शिल्लक किती हे सगळेच लिहितात; ती कुठे आहे हे फार थोडे लिहितात, आणि वाचणाऱ्याचा विश्वास बसतो तो या दुसऱ्या वाक्यावर. सात दुकानदारांची नावे फलकावर लावावीत असा एका उत्साही कार्यकर्त्याचा आग्रह होता. तो मी मोडून काढला. कबूल केलेली वर्गणी ही उधारी नसते. दोघांनी नंतर आपणहून पैसे आणून दिले, ते त्या तारखेच्या नव्या पावतीने पुढील वर्षाच्या हिशेबात घेतले, आणि जुन्या सातही पावत्या रद्द केल्या.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की वर्गणी कबूल झाली तर ती साध्या वहीत लिहावी, आणि पावती पैसे मिळाल्यावरच फाडावी. यूपीआयने पैसे येणार असतील तर समोरच्याच्या मोबाइलवरील हिरवी खूण पाहून भागत नाही, आपल्या खात्यात रक्कम आल्याचा संदेश दिसला पाहिजे. त्या व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक मी पावतीवर लिहायला लावतो. निदान शेवटचे चार अंक तरी लिहावेत. मुले कुरकुर करतात. त्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

‘किरकोळ’ या शब्दाशी माझे वैर आहे असे मंडळात म्हणतात, आणि ते खरे आहे. हार, कापूर, सुतळी, खिळे, कार्यकर्त्यांचा चहा असे खर्च किरकोळ असतात, पण त्यांना नावे असतात. ‘पूजासाहित्य’ आणि ‘कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता’ अशा दोन ओळी लिहिल्या की उरलेल्यासाठी हा शब्द वापरावा लागला तरी रक्कम पाचशे-सातशेच्या पुढे जात नाही. चहाचा खर्च लपवण्याची लाज का वाटते हे मला कळलेले नाही. रात्रभर मंडप राखणाऱ्या पोरांनी प्यालेल्या चहाबद्दल आजवर एकाही वर्गणीदाराने तक्रार केलेली नाही. आकडा जुळवण्यासाठी घातलेली ओळ मात्र लोक बरोबर ओळखतात, कारण ती नेहमी शेवटून दुसरी असते.

आता पावतीकडे वळतो. बहुतेक मंडळांच्या पावतीचा अर्धा भाग बाप्पाच्या चित्राने आणि पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांनी व्यापलेला असतो, आणि रकमेसाठी आगपेटीएवढी चौकट उरते. पावती वर्गणी देणाऱ्याला काय सांगते हे छापण्याआधी एकदा मोठ्याने वाचून पाहावे. ‘आपल्या उदार देणगीबद्दल मंडळ आपले शतशः ऋणी आहे’ हे वाक्य गोड आहे, पण त्यातून कोणी, किती आणि कशासाठी दिले हे कळत नाही. मी जो मजकूर वापरतो तो असा :

‘पावती क्र. … / पुस्तक क्र. … दिनांक … श्री. / श्रीमती … यांजकडून सार्वजनिक गणेशोत्सव सन … च्या वर्गणीपोटी रुपये … (अक्षरी …) रोख / चेक / यूपीआय, क्रमांक …, मिळाले. स्वीकारणाऱ्याचे नाव व सही.’

यात नावाची सक्ती सहीइतकीच महत्त्वाची आहे, कारण कार्यकर्त्यांच्या सह्या ही एक वेगळीच लिपी असते आणि दोन महिन्यांनी ती ज्याची त्यालाही वाचता येत नाही. रक्कम अक्षरी लिहिण्याचा कंटाळा करू नये. ५०० चे ५,००० व्हायला एक शून्य पुरते, ‘पाचशे’चे ‘पाच हजार’ करायला बरीच खाडाखोड करावी लागते.

चुकलेली पावती फाडून फेकू नये. दोन्ही प्रतींवर तिरपी रेघ मारून ‘रद्द’ लिहावे, सही करावी आणि त्या पुस्तकातच टाचून ठेवाव्यात. निवेदनात ‘पावती क्र. १ ते २६३ वापरल्या, त्यांपैकी १२ रद्द, उरलेली पुस्तके कोरी जमा’ एवढी एक ओळ पुरते. पुस्तक कोणाला दिले आणि कधी परत आले याची सहीनिशी नोंद ठेवावी. हरवलेले कोरे पुस्तक हे हरवलेल्या पैशांपेक्षा वाईट.

परवानगीबद्दल थोडे. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क नुसार धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते आणि उत्सवानंतर हिशेब सादर करावा लागतो. तो परवानगी क्रमांक पावतीवर छापावा, परंतु मागील वर्षाची उरलेली पुस्तके वापरताना जुनाच क्रमांक तसाच राहतो, तो तपासावा. आयकर खात्याची ८०जी मान्यता नसताना ‘करसवलतीस पात्र’ असा शिक्का मारणे तर सरळसरळ खोटे आहे. मुद्रकाच्या तयार नमुन्यात ती ओळ होती ही सबब चालत नाही.

क्यूआर कोड खजिनदाराच्या स्वतःच्या पगाराच्या खात्याचा लावू नये. त्याचा विजेच्या बिलाचा आणि मंडळाच्या वर्गणीचा उतारा वेगळा करताना माझा एक अख्खा रविवार गेला आहे.

किराणा दुकानदाराने दिलेला पन्नास किलो तांदूळ रोख जमेत मिसळू नये. ‘वस्तुरूप देणग्या’ असे वेगळे शीर्षक करून वस्तू, प्रमाण आणि देणाऱ्याचे नाव लिहावे. अंदाजे किंमत घालायचीच असेल तर ती जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजूंना घालावी, नाहीतर शिल्लक फुगते. जाहिरातीचे पैसेही वर्गणीत घालू नयेत. त्या दुकानदाराने कमानीवरच्या जागेचे पैसे दिलेले असतात.

निवेदनाला ‘बॅलन्स शीट’ म्हणण्याची फॅशन आली आहे. आपण लावतो ते जमाखर्च पत्रक असते, ताळेबंद नव्हे, आणि मराठीत त्याला चांगले नाव असताना इंग्रजी शब्द चुकीच्या अर्थाने वापरण्याची गरज नाही. एक्सेलच्या पडद्याचा तिरका फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला की हिशेब दिला, असे मानणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की तुमच्या आईला तो चष्म्याशिवाय वाचता येतो का.

वर्गणीदारांची यादी नावांच्या क्रमाने न लावता पावती क्रमांकाने लावावी, म्हणजे प्रत्येकाला आपली पावती हातात धरून आपली ओळ सापडते. ज्यांना नाव नको असेल त्यांच्यापुढे ‘एक हितचिंतक’ लिहावे. क्रमांक आणि रक्कम तशीच राहू द्यावी. मोबाइल क्रमांक फलकावर येता कामा नयेत.

फलक लावण्याआधी मी तो मंडळाबाहेरच्या एका माणसाला वाचायला देतो आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न कागदावरच उत्तरासह लिहून टाकतो. गेली काही वर्षे हे काम त्याच निवृत्त शिक्षकांकडे आहे. सर्वपित्री अमावास्येच्या आत कागद त्यांच्याकडे पोचला नाही तर ते स्वतःच निरोप पाठवतात.