दिवाणजी गेले, पोर्टलची किल्लीही गेली

सांगलीजवळच्या एका कंपनीसाठी आम्ही वितरकांचं पोर्टल केलं. द्राक्षबागांना लागणारी औषधं विकणारी कंपनी, आणि वितरक तासगाव, पलूस, मिरज, जत अशा भागांत विखुरलेले. माझं ते पहिलंच मोठं काम. लॉगिन म्हणजे दोन दिवसांचं काम असं धरून मी प्रत्येक पेढीला एक कोड, एक मोबाइल नंबर आणि एक पासवर्ड दिला. जे पुढे बिघडलं त्याचं मूळ या एका निर्णयात होतं.

ऑक्टोबर छाटणीच्या ऐन हंगामात एका वितरकाचा फोन आला, "अहो, पासवर्ड चालत नाही. काल तर चालत होता." त्यांच्या दुकानात गेलो. काउंटरमागच्या कॅलेंडरवर पासवर्ड पेनानं लिहिलेला होता. मालक, त्यांचा मुलगा आणि दिवाणजी असे तिघं तोच वापरायचे. नोंदवलेला नंबर मात्र दिवाणजींचा, कारण "ओटीपी तुमच्याकडंच येऊ दे" असं मालकच म्हणाले होते. दिवाणजी महिन्यापूर्वी नोकरी सोडून दुसऱ्या पेढीत गेले होते. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की ओटीपी त्यांच्या खिशातल्या फोनवर जाणार. कुणीतरी तसाच तो बदलला होता, पण कुणी, ते लॉग पाहून सांगता येईना. लॉगमध्ये फक्त पेढीचा कोड होता, माणूस नव्हताच.

मग मांडणीच बदलली. पेढी वेगळी, माणूस वेगळा आणि दोघांना जोडणारं सदस्यत्व वेगळं:

```
pedhi      (id, code, naav)
vyakti     (id, mobile, password_hash)
sadasyatva (pedhi_id, vyakti_id, role, band_at)
```

`role` मुद्दाम `vyakti` मध्ये ठेवला नाही. एकच हिशेबनीस दोन पेढ्यांचं काम पाहतो, आणि एखादा माणूस एका पेढीत मालक असून भावाच्या पेढीत नुसत्या ऑर्डरी टाकतो. आधी मी कागदावर अकरा रोल काढले होते, शेवटी पेढीच्या बाजूला तीनच उरले: मालक, ऑर्डर टाकणारा, हिशेब पाहणारा. दर आणि स्कीम पहिल्या दोघांना दिसतात, उधारीचा उतारा मालकाला आणि हिशेबनिसाला. माणूस नोकरी सोडून गेला की मालक स्वतः `band_at` भरतो. `band_at` भरलेला आहे का, ही तपासणी फक्त लॉगिनच्या वेळी करू नका, प्रत्येक विनंतीला करा. नाहीतर काढून टाकलेला माणूस जुन्या सेशनवर आठवडाभर आत राहतो.

आता अवघड भाग: मालकाचाच नंबर गेला तर? बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, तेव्हा जुन्या नंबरवर विसंबणं धोक्याचं. विक्री अधिकाऱ्याला नंबर बदलण्याचा अधिकार द्या, असं कंपनीचं म्हणणं होतं. मी अडून बसलो. एका माणसाच्या हातात नंबर बदलणं आलं की कुठल्याही पेढीचं खातं त्याच्या हातात आलं. आता विक्री अधिकारी फक्त अर्ज टाकतो. कार्यालयातली दुसरी व्यक्ती वितरण कराराच्या फाइलमधल्या दुकानाच्या नंबरवर स्वतः फोन करते आणि मगच मंजुरी देते. अर्जात दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, कारण तो खोटा असू शकतो. याला अर्धा दिवस जातो, वितरक चिडतात. तरी ते मी सैल केलेलं नाही.

पासवर्ड रीसेटचा ओटीपी सहा अंकी, म्हणजे शक्यता दहा लाख. मर्यादा नसेल तर यंत्राला तो शोधणं कठीण नाही. आम्ही पाच चुकांनंतर तो रद्द करायचो, पण 'पुन्हा पाठवा' दाबलं की मोजणी शून्यावर यायची आणि पुढचे पाच प्रयत्न फुकट मिळायचे. आता मोजणी ओटीपीवर नाही, खात्यावर चालते. पासवर्ड बदलला की त्या माणसाची सगळी चालू सेशन बंद होतात. नंबर नोंदलेला असो वा नसो, पडद्यावर उत्तर एकच: "नंबर नोंदलेला असल्यास ओटीपी पाठवला आहे." नाहीतर कोण कोण वितरक आहे याची यादी एकेक नंबर टाकून काढता येते.

एक तक्रार बरेच दिवस कळत नव्हती. संध्याकाळी एसएमएस उशिरा यायचे, लोक दोनदा दाबायचे आणि आधी आलेला जुना ओटीपी टाकायचे. आमच्या लेखी तो चुकीचा, कारण नव्यानं जुना रद्द केलेला. एका दुकानात शेजारी उभं राहून पाहिलं तेव्हा उमगलं. आता पडद्यावर "संदेश क्र. 2 मधला ओटीपी टाका" असं येतं आणि एसएमएसातही तोच क्रमांक असतो. त्यासाठी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर संदेशाचा नवा नमुना मंजूर करून घ्यावा लागला, म्हणून एसएमएसचा मजकूर ठरवताना त्या क्रमांकाची जागा पहिल्याच नमुन्यात ठेवा.