ब्रॅम्प्टनमध्ये सकाळी दारात गाडी नसेल तर

जानेवारीतली सकाळ होती, सव्वासहा वाजले होते. फावडं घेऊन बर्फ काढायला बाहेर आलो, तर ड्राइव्हवेवर सगळीकडे चार बोटं बर्फ आणि मधोमध गाडीच्या आकाराचा काळा चौकोन. काच फुटलेली नाही, आवाज नाही, काही नाही. आमची टोयोटा हायलँडर गेली होती. पहिली पाच मिनिटं मी बायकोला विचारत होतो, "तू कुठे लावलीस का?" तिनेही मला तेच विचारलं.

मी इथे कॅनडात, टोरांटोशेजारच्या ब्रॅम्प्टनला येऊन आता चौदा वर्षं झाली. गेल्या तीन-चार वर्षांत ओळखीतल्या सहा-सात मराठी घरांतून गाड्या गेल्यात. चोर चावीचा सिग्नल घराबाहेरून पकडतात, किंवा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून नवीन चावी बनवतात. काम दोन-तीन मिनिटांचं. पुढे बऱ्याच गाड्या माँट्रियलच्या बंदरातून कंटेनरमध्ये बसून जातात. २०२४ मध्ये पोलिसांनी 'प्रोजेक्ट व्हेक्टर' या मोहिमेत त्या बंदरावर ५९८ गाड्या परत मिळवल्याचं जाहीर केलं. म्हणजे गाडी सापडेल ही आशा ठेवा, पण हिशेब गाडी गेली असाच करा.

फुटलेली काच न दिसल्यामुळे लोकांना वाटतं गाडी टो झाली असेल किंवा हप्ता थकला म्हणून कुणी उचलली असेल. ते शोधत बसू नका. ब्रॅम्प्टन, मिसिसागासाठी पील पोलिसांचा साधा नंबर ९०५-४५३-३३११, टोरांटोसाठी ४१६-८०८-२२२२. टो झाली असेल तर त्यांनाच कळतं. ९११ फक्त चोर अजून दारात असेल तर. आणि तो असेल तर खिडकीतूनच बघा, खाली जाऊ नका.

आपल्याकडची सवय अशी की चौकीत जायचं, एफआयआर लिहून घ्यायचा, शिक्का मारलेली प्रत हातात आली की मगच काम झालं. माझा पुण्याहून नवीन आलेला एक मित्र तीन दिवस "स्टॅम्प केलेली कॉपी" मागत फिरला. इथे ती लागत नाही. फोनवर किंवा घरी आलेल्या अधिकाऱ्याला माहिती दिली की ते एक ऑकरन्स नंबर देतात. तो नंबर म्हणजेच तुमची तक्रार. विमा कंपनी तो घेऊन पोलिसांकडून रिपोर्ट स्वतः मागवते. तो कागदावर लिहा, फोटो काढा, बायकोला पाठवा. अधिकाऱ्याचं नाव आणि बॅज नंबरही विचारून ठेवा. भारतात गाडी सापडली नाही असा अंतिम अहवाल येईपर्यंत क्लेम अडकतो, तशी अट इथे नाही. पोलिस मात्र प्रेमाने बोलतील, "सॉरी" म्हणतील, आणि बहुतेक वेळा पुढे फोन येणार नाही. त्यात राग धरू नका, त्यांच्याकडे अशा तक्रारींचा ढीग आहे.

ते विचारतात काय? नंबर प्लेट, सतरा अक्षरांचा व्हीआयएन, रंग, मॉडेल, शेवटची कधी बघितली, चाव्या कुणाकडे, कर्ज आहे का, ट्रॅकर आहे का. इथेच पहिली फजिती होते, कारण व्हीआयएन असलेली ओनरशिपची हिरवी चिठ्ठी आणि विम्याची गुलाबी चिठ्ठी गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये असतात. गाडीबरोबर त्याही जातात. आपल्या ओन्टारियो प्रांतात ओनरशिपची झेरॉक्स प्रत बाळगली तरी चालते, मूळ कागद घरी ठेवा. दुसरं, सन-व्हायझरवर गॅरेजचा रिमोट अडकवलेला असतो आणि त्या कागदांवर घराचा पत्ता असतो. पोलिसांना फोन झाल्यावर पहिलं काम गॅरेजचा कोड बदलणं. कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

"शेवटची कधी बघितली" याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. मी आधी "रात्री बारापर्यंत होती" असं ठोकून देणार होतो. मग बायकोनेच त्या काळ्या चौकोनाकडे बोट दाखवलं: त्यावर पातळसा बर्फ होता, आजूबाजूला जाड. म्हणजे बर्फ पडत असतानाच गाडी गेली. समोरच्या पंजाबी काकांच्या डोअरबेल कॅमेऱ्यात ३:४२ ला मागचे लाल दिवे दिसले. मी पोलिसांना सांगितलं: "रात्री साडेदहाला मी स्वतः पाहिली, त्यानंतर पाहिली नाही, शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात ३:४२ ला जाताना दिसते." बस, एवढंच. माहिती आहे ते आणि माहिती नाही ते वेगवेगळं सांगा.

याचं कारण पुढे कळतं. त्याच दिवशी विमा कंपनीला किंवा ब्रोकरला फोन करायचा. पॉलिसीत नोटीस द्यायला सात दिवस असतात, पण आजच करा. मग एक अ‍ॅडजस्टर , म्हणजे क्लेम तपासणारा माणूस, नेमला जातो आणि तो तुमचं रेकॉर्डेड स्टेटमेंट घेतो. तेच प्रश्न, वेगळ्या क्रमाने, आणि समोर पोलिसांचा रिपोर्ट. स्वतःच गाडी देऊन क्लेम करणारे लोकही इथे आहेत, त्यामुळे तुमच्याकडे थोडं संशयाने बघितलं जातं. हप्ते वेळेवर होते का, गाडी विकायला काढली होती का, असंही विचारतात. चिडायचं नाही. दोन जबाबांत फरक पडला की फाइल तपासणीकडे जाते आणि आठवडे लागतात. कुणी मेहुणा म्हणेल, "गाडीत लॅपटॉप होता म्हणून सांग." नको. एक तर गाडीतलं सामान गाडीच्या विम्यात येत नाही, ते घराच्या किंवा भाडेकरूच्या विम्यात येतं. दुसरं, पोलिसांना खोटं सांगणं इथे फौजदारी गुन्हा आहे, आणि पीआरची फाइल चालू असताना असलं लफडं कुणाला परवडणार?

दोन्ही चाव्या मागतात. माझी दुसरी चावी वर्षभरापूर्वी कुठेतरी हरवली होती आणि मी ते कुणालाच कळवलं नव्हतं. त्या एका चावीने माझा क्लेम पाच आठवडे लांबला. पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर कदाचित एका ओळीत मिटलं असतं. मी तिसऱ्या फोनला सांगितलं, तेही विचारल्यावर.

आता ते, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. कायद्याने सक्तीचा विमा काढला म्हणजे चोरीचे पैसे मिळतात, हा आपल्या लोकांचा सर्वात मोठा गैरसमज. सक्तीच्या भागात चोरी नाही. त्यासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह, ऑल पेरिल्स किंवा निदान स्पेसिफाइड पेरिल्स यांपैकी एखादं जादा संरक्षण घेतलेलं असावं लागतं. नवीन माणूस महिन्याचा हप्ता बघून घाबरतो, ब्रोकरला म्हणतो "कमी कर", तो हेच काढून टाकतो. माझ्या ओळखीतल्या एकाची रोखीने घेतलेली सीआर-व्ही अशीच गेली. ऑकरन्स नंबर होता, रिपोर्ट होता, पण एक डॉलर मिळाला नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे पत्ता. ब्रॅम्प्टनचे दर जास्त, म्हणून ओन्टारियोतल्याच लंडन किंवा किंग्स्टनच्या मित्राचा पत्ता देऊन पॉलिसी घ्यायची, ही टिप आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोठ्या उत्साहाने फिरते. टिप देणारे प्रीमियम वाचल्याचे आकडे सांगतात, क्लेमच्या वेळी गायब होतात. गाडी ब्रॅम्प्टनच्या ड्राइव्हवेवरून चोरीला गेली हे तुम्हीच पोलिसांना सांगणार, आणि मुलांची शाळा, पगार, लायसन्स सगळं ब्रॅम्प्टनचं. विमा कायद्यात चुकीची माहिती दिल्यास क्लेमचा हक्क जातो. तसंच रोज गाडी चालवणाऱ्या भावाचं नाव न देणं, किंवा न सांगता फूड डिलिव्हरी करणं. शक्य आहे ते खरं सांगून स्वस्त करा: वार्षिक हप्ता, हिवाळी टायर, घर आणि गाडी एका कंपनीकडे.

पैशाचा हिशेब माझ्याच गाडीवर दाखवतो. गाडी तीन वर्षं जुनी, कर्ज ३१,२०० डॉलर बाकी. अ‍ॅडजस्टरची पहिली ऑफर ३६,००० अधिक १३ टक्के एचएसटी, म्हणजे ४०,६८०. मी आनंदात सही करणार होतो. मग त्यांच्या कागदात पाहिलं, माझी महागातली लिमिटेड मॉडेल त्यांनी स्वस्तातली एक्सएलई धरली होती. जवळपास तेवढ्याच किलोमीटरच्या चार लिमिटेडच्या डीलरच्या जाहिराती, सर्व्हिसची बिलं आणि खरेदीची इन्व्हॉइस जोडून पाठवली. आठवड्याने ३९,५०० झालं, टॅक्ससह ४४,६३५. बँकेचे ३१,२०० आधी गेले, हातात १३,४३५ आले. पहिल्या ऑफरवर सही केली असती तर ३,९५५ डॉलर गेले असते. ऑफर म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण भांडण नको, कागद पाठवा. आणि तोपर्यंत कर्जाचा हप्ता थांबवू नका, गाडी नसली तरी कर्ज तुमचंच आहे.

नवीन गाडी घेणाऱ्यांनी ब्रोकरला ओपीसीएफ ४३ हा पॉलिसीला जोडायचा जादा फॉर्म विचारावा. तो असेल तर पहिली काही वर्षं घसारा कापत नाहीत. संपूर्ण गाडी चोरीला गेली तर साध्या पॉलिसीत डिडक्टिबल लागत नाही, पण ओपीसीएफ ४० जोडलेला असेल तर लागतो. माझ्या पॉलिसीत नव्हता. तुमच्यात आहे का ते आत्ता बघा, नंतर नाही.

भाड्याच्या गाडीसाठी साध्या पॉलिसीत ९०० डॉलरपर्यंत मिळतात आणि तेही चोरी कळवल्यानंतर ७२ तासांनी सुरू होतात. जानेवारीत, दोन मुलांसह, हे किती पुरतात ते मी सांगायला नको. ओपीसीएफ २० घेतला तर चिंता कमी होते.

कंपनी प्रूफ ऑफ लॉसचा, म्हणजे नुकसान लिहून देण्याचा फॉर्म देते. तो ९० दिवसांत भरून, शपथेवर सही करून द्यायचा. नंतर त्यांना पैसे द्यायला ६० दिवस असतात. फॉर्म गेल्याची ईमेल जपून ठेवा. गाडीत एअरटॅग असेल आणि तो रेल्वे यार्डात दिसत असेल तर स्क्रीनशॉट पोलिसांना आणि अ‍ॅडजस्टरला द्या, स्वतः जाऊ नका. पैसे घेतल्यानंतर गाडी सापडली तर ती विमा कंपनीची.

एक राहिलं, प्लेट. ओन्टारियोमध्ये प्लेट गाडीची नसते, माणसाची असते. पोलिसांना सांगितलं म्हणजे झालं असं समजू नका. ऑकरन्स नंबर घेऊन सर्व्हिसओन्टारियोच्या सरकारी ऑफिसात जा, चोरी नोंदवा. ४०७ या टोल हायवेच्या ट्रान्सपॉंडरसाठीही वेगळा फोन करा. मी विसरलो होतो. मार्चमध्ये ४०७ चं बिल आलं, त्यात पहाटे ४:१० ची एक फेरी होती, पूर्वेकडे. ते बिल मी अ‍ॅडजस्टरला पाठवलं आणि ४०७ वाल्यांना ऑकरन्स नंबर दिला. त्यांनी रद्द केलं, पण अर्धा दिवस फोनवर गेला.