आजीच्या वाढदिवसाचा मजकूर लिहिताना या चुका टाळा

सोलापुरात नव्या पेठेजवळ आमचे अक्षरजुळणीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, मोबाईलवर पाठवायचे शुभेच्छापत्र असे सर्व काही तेथे होते, आणि गेली अनेक वर्षे लोकांचे वाढदिवसाचे मजकूर वाचणे हा माझ्या कामाचाच भाग झाला आहे. त्यांत आजीसाठीचा मजकूर सर्वांत जास्त बिघडतो. चार ओळींत ‘शुभेच्छा’ तीनदा, ‘आनंद’ दोनदा आणि ‘आशीर्वाद’ दोनदा येतो, हे लिहिणाऱ्यालाही जाणवते आणि तो म्हणतो, ‘‘काका, हे शब्द जरा बदलून द्या की.’’ बदलायला हरकत नाही, मात्र नेमक्या या बदलातच पुढच्या चुका होतात.

सर्वांत मोठी चूक आशीर्वादाची दिशा उलटी करण्याची आहे. मराठीत आशीर्वाद वरून खाली येतो. जुन्या पत्रांचे मायने आठवून पाहावेत. नातू लिहीत असे, ‘तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार’, आणि आजीचे उत्तर येत असे, ‘चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद’. धाकट्याने नमस्कार करायचा आणि थोरल्याने आशीर्वाद द्यायचा, ही वाट इतकी पक्की होती की मायना वाचूनच लिहिणारा वयाने मोठा की लहान हे कळत असे. आता इंग्रजी संदेश डोळ्यांसमोर ठेवून मजकूर लिहिला जातो. तेथे कोणीही कोणालाही तो शब्द पाठवतो, आणि तसाच तो मराठीत उतरवला की नातू आजीला आशीर्वाद देऊन मोकळा होतो.

एकदा रात्री साडेनऊच्या सुमारास, दुकान बंद करता करता, एक तरुण आजीच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स करायला आला. सहा फूट बाय चार फूट, फोटो तयार, मजकूरही मोबाईलवर तयार होता. त्यात ‘शुभेच्छा’ नको म्हणून त्याने कोठून तरी भारदस्त शब्द शोधून आणला होता आणि ओळ केली होती, ‘आमच्या लाडक्या आजीस अमृतमहोत्सवी वाढदिवसानिमित्त अनंत शुभाशीर्वाद’. मला ते खटकले होते. मी ‘‘एकदा वाचून घ्या’’ एवढेच म्हणालो, तो ‘‘वाचलंय, टाका’’ म्हणाला, आणि मलाही घरी जायचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो धापा टाकत परत आला. आजींनी कार्यालयाच्या दारात उभे राहून फ्लेक्स मोठ्याने वाचला होता आणि सर्व पाहुण्यांसमोर विचारले होते, ‘‘मंग मी पडू का रे तुमच्या पाया?’’ नवा फ्लेक्स छापायला वेळ नव्हता. आम्ही त्याच रंगाच्या पट्टीवर ‘नमस्कार’ हा एकच शब्द छापला आणि तो ‘शुभाशीर्वाद’वर चिकटवला. ‘अनंत नमस्कार’ ही ओळ मूळ ओळीपेक्षा कितीतरी बरी झाली. तेव्हापासून गिऱ्हाइकाला कितीही घाई असली तरी हा शब्द मी तसाच जाऊ देत नाही.

हीच चूक एका झाकल्या रूपातही होते आणि ती मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘सुखी राहा’, ‘औक्षवंत हो’, ‘शतायुषी हो’ यांत ‘आशीर्वाद’ हा शब्द नसला तरी बोलण्याची तऱ्हा आशीर्वादाचीच आहे, कारण वाकलेल्या डोक्यावर हात ठेवून थोरली माणसे नेमके हेच म्हणतात. नातवाने आजीला असे सांगितले की ते थोडे आगाऊ वाटते. यावर मराठीने स्वतःच सोय करून ठेवली आहे. ‘राहो’, ‘येवो’, ‘लाभो’, ‘मिळो’ ही रूपे वापरावीत, किंवा ‘राहू दे’, ‘मिळू दे’ असे म्हणावे. ‘तुला शांत झोप लागो’ असे लिहिले की देणारा देव किंवा दैव ठरतो आणि नातू फक्त मागणारा राहतो. शिवाय या एका ओकारात ‘शुभेच्छा’ या शब्दाचे सर्व काम होऊन जाते, त्यामुळे तो शब्द वेगळा लिहिण्याची गरजच उरत नाही. ‘तुला शांत झोप लागो ही शुभेच्छा’ असे लिहिणे म्हणजे एकाच चहात दोनदा साखर घालणे आहे.

दुसरी चूक, जिचा मला खरोखर कंटाळा आला आहे, ती समानार्थी शब्दांची यादी उघडून एकाच्या जागी दुसरा बसवण्याची आहे. ‘शुभेच्छा’ काढून ‘अभीष्टचिंतन’ घातले की आजीचा मजकूर चौकातल्या पुढाऱ्याच्या फलकासारखा वाचला जातो. ‘सदिच्छा’ संस्थेच्या पत्रात शोभते. ‘मंगलकामना’ला हिंदीचा वास येतो. ‘साकडे’ हा शब्द अनेकांना फार गोड वाटतो. मात्र साकडे संकटात घातले जाते, त्यामुळे ‘तुझ्यासाठी विठ्ठलाला साकडे घातले आहे’ असे वाचून आजी आधी स्वतःच्या तब्येतीची चौकशी करील. नवसाचेही तसेच आहे, कारण नवस बोलला की तो फेडावा लागतो. साध्या मागण्याला ‘मागणे’ हाच शब्द पुरतो. ‘विठ्ठलाकडे एवढेच मागणे आहे’ हे ऐकायलाही बरे वाटते.

‘आनंदी’च्या जागी ‘हर्षित’ किंवा ‘उल्हसित’ घालणाऱ्यांना मी एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात हा शब्द शेवटचा कोणी उच्चारला होता? आजीच्या वयाला शोभणारे शब्द घरातच असतात. ‘समाधान’, ‘सुखासमाधानाने’, ‘हसतमुख’, ‘जीव सुखावला’, ‘डोळे निवले’ हे शब्द ती स्वतः वापरते. ‘आशीर्वादा’साठी ‘डोक्यावरचा हात’, ‘मायेची सावली’, ‘पुण्याई’ हे शब्द आहेत, पण ‘पुण्याई’ वापरताना जपावे. ‘आजीची पुण्याई आमच्या पाठीशी आहे’ एवढेच वाक्य वाचले तर आजी हयात आहे की नाही, असा प्रश्न पडतो.

येथूनच तिसरी चूक सुरू होते. ‘तू आम्हाला वाढवलेस, तू खूप सोसलेस, तुझी शिकवण आमच्या हृदयात सदैव राहील’ असा भूतकाळाने भरलेला मजकूर वरती फुलांची चौकट लावून छापला, तर तो वर्षश्राद्धाचा होतो. माझ्याकडून अशा मजकुराची एक छपाई घेऊन निघालेल्या माणसाला दारात शेजारच्या दुकानदाराने ‘‘कधी गेल्या?’’ असे विचारले होते. तेव्हापासून मी एक सवय ठेवली आहे. मजकुरातली क्रियापदे पेन्सिलीने अधोरेखित करतो आणि निदान दोन वर्तमानकाळी आहेत ना, हे पाहतो. आजी आज काय करते, हे त्यात आलेच पाहिजे.

किरकोळ चुका भराभर सांगतो. ‘आशिर्वाद’, ‘अभिष्टचिंतन’ आणि ‘हार्दीक’ ही तिन्ही रूपे चुकीची असून ‘आशीर्वाद’, ‘अभीष्टचिंतन’ आणि ‘हार्दिक’ ही बरोबर आहेत. पहिल्या ओळीत ‘आपणांस’ आणि दुसऱ्या ओळीत ‘तुझ्या’ असे करू नये. घरात जिला ‘आज्जी’ किंवा ‘अव्वा’ म्हणता, तिला कागदावर ‘आदरणीय आजीसाहेब’ करू नये. नावामागे ‘सौ.’ लावण्यापूर्वी आजोबा आहेत का, हे मला सांगावे, कारण मजकूर पाठवणारे हे हमखास विसरतात. पंचाहत्तरीला ‘सहस्रचंद्रदर्शन’ लिहू नये. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवस असतात, त्या हिशेबाने हजार पौर्णिमा व्हायला सुमारे ८० वर्षे आणि १० महिने लागतात.

आता एक मजकूर कसा बदलत गेला, ते सांगतो. अक्कलकोट रस्त्याकडच्या एका वस्तीतली मुलगी आजीच्या ऐंशीसाठी छोटे कार्ड करायला आली होती. तिने लिहिले होते, ‘प्रिय आजी, आपणांस ८० व्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. तू नेहमी आनंदी राहा हीच शुभेच्छा. तुझे आशीर्वाद सदैव राहोत. देव तुला खूप आनंद देवो.’ तिला फक्त तीन शब्द बदलून हवे होते आणि ते दहा मिनिटांत हवे होते. मी म्हणालो की दहा मिनिटांत कार्ड छापून होईल, मजकूर होणार नाही. ती थोडी रुसली, पण बसली.

मी तिला तिन्ही शब्द खोडायला लावले आणि त्यांच्या जागी काहीही लिहू दिले नाही. मग विचारले की आजी काय काम करीत असे. ती म्हणाली, विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. ही पाढे म्हणायला आजीजवळ बसायची. शाळा फारशी न शिकलेल्या आजीला चुकलेला पाढा मात्र बरोबर कळायचा. आता आजी काय करते, असे विचारल्यावर कळले की गुडघे दुखतात, संध्याकाळी कट्ट्यावर बसते आणि चहात चोरून साखर घालते. ‘आशीर्वाद’ कसा देते, असे विचारले तर मुलगी हसून म्हणाली, ‘‘पाया पडलं की टपली मारते.’’

पाऊण तासाने कार्डावर पुढील मजकूर आला.

‘आज्जी, आज तुला ऐंशी वर्षे पूर्ण झाली. मांडीवर सूप घेऊन तू विड्या वळायचीस आणि माझे पाढे ऐकायचीस. तेरा सत्ते चुकले की पान हातात तसेच धरून माझ्याकडे बघायचीस. आता तुझे हात मोकळे आहेत, ते मोकळेच राहू देत. गुडघ्यांना आराम पडो. रोज संध्याकाळी कट्ट्यावर तुझ्या मैत्रिणी येवोत आणि तुझे हसणे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येवो. चहातली साखर मला माहीत आहे, मी कोणाला सांगत नाही. आज संध्याकाळी पाया पडायला येते. टपली जरा हळू मार, पण हात लगेच काढू नकोस.’

तिन्ही शब्द यात एकदाही नाहीत. ‘शुभेच्छे’चे काम ‘पडो’ आणि ‘येवोत’ यांनी केले, ‘आनंद’ कट्ट्यावरच्या हसण्यात आला आणि ‘आशीर्वाद’ टपलीत. शेवटच्या वाक्यातली दोन्ही क्रियापदे आज्ञार्थी आहेत, हे कोणी दाखवून देईलच. लाडाचा हट्ट नातीला चालतो, आशीर्वादाची आज्ञा चालत नाही, एवढाच फरक आहे.

छापण्यापूर्वी मी तिला ते मोठ्याने वाचायला लावले, कारण ज्या आजींना बारीक अक्षर दिसत नाही किंवा वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हा मजकूर शेवटी कोणीतरी वाचूनच दाखवतो. जीभ अडखळली तेथे शब्द बदलला. ‘अक्षरे किती मोठी ठेवू?’ असे मी विचारले, तेव्हा तिने दहा मिनिटांची घाई पुन्हा एकदा केलीच.

दोन दिवसांनी ती पेढे घेऊन आली. कार्ड वाचून दाखवताना आजीने तिला तिसऱ्याच वाक्याला थांबवले होते आणि विचारले होते, ‘‘किती गं तेरा सत्ते?’’