रिजेक्शन नोटमध्ये 'माल खराब' लिहू नका

'पत्रा पातळ, बदलून द्या' एवढंच लिहिलं की पुरवठादार आठवडाभर वाद घालतो आणि आपली प्रेस थांबते. मी आता नोट अशी लिहितो:

१. आधी ओळख: पीओ, चलन आणि कॉइल नंबर. कॉइल नंबर नसेल तर 'हा आमचा मालच नाही' असं उत्तर हमखास येतं.

२. मग मोजलेले आकडे, मागणीच्या शेजारी. उदा. 'सीआरसीए पत्रा, पीओप्रमाणे १.२० ± ०.०८ मिमी. ५ शीट तपासल्या, ३ कमी भरल्या: १.०९, १.१०, १.०८. २००० किलोचा पूर्ण लॉट नामंजूर, लाल टॅग लावून वेगळा ठेवला आहे.' मायक्रोमीटरवरच्या रीडिंगचे फोटो सोबत जोडा.

३. 'लवकरात लवकर' नको. आपला शिल्लक साठा किती दिवस पुरेल ते बघून हप्ते पाडा: गुरुवारपर्यंत ५०० किलो, सोमवारपर्यंत उरलेले १५००. पहिला हप्ता छोटा मागितला की पुरवठादार सहसा हो म्हणतो, आणि लाइनही चालू राहते.

जपायचं एकच: जाडी कडेला मोजू नका. कॉइलची कड मुळातच थोडी पातळ असते. निदान २५ मिमी आत मोजा, नाहीतर तेवढ्यावरून अख्खी नोट परत येईल.