जिलेटिनऐवजी अगर अगर: उकळायला घाबरू नका

पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच असतो, अगर अगर खरंच शाकाहारी आहे का? हो, आहे. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच हे. समुद्रात वाढणाऱ्या लाल शेवाळातून काढतात, मुख्यतः जेलिडियम आणि ग्रॅसिलारिया या दोन जातींमधून. शेवाळ धुवायचं, पाण्यात बराच वेळ उकळायचं, गाळायचं, आणि ते पाणी गार झालं की आपोआप घट्ट होतं. मग ते गोठवून परत वितळू देतात, म्हणजे आतलं पाणी निघून जातं आणि उरलेलं वाळवून पट्ट्या, दोरे किंवा पावडर करतात. जपानमध्ये हे सतराव्या शतकापासून चालू आहे, थंडीत रात्री बाहेर गोठू द्यायचं आणि दिवसा उन्हात वितळू द्यायचं. जिलेटिन मात्र जनावरांच्या कातडी आणि हाडांमधल्या कोलॅजेनपासून बनतं, गाय, डुक्कर, कधी मासे. त्यात वनस्पतीचं काहीच नसतं.

म्हणजे एक प्रोटीन आहे आणि दुसरं शेवाळातलं कार्बोहायड्रेट. दोन्हींनी पातळ पदार्थ घट्ट होतो एवढंच साम्य. म्हणून "जिलेटिन लिहिलंय तिथे तेवढंच अगर घाला" हा सल्ला जिथे दिसेल तिथे पुढे वाचूच नका. अगर पावडर कितीतरी जास्त ताकदवान असते, साधारण जिलेटिनच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी लागते, आणि वापरायची पद्धत तर बरोबर उलटी आहे.

आता एक उदाहरण घेऊ, अर्धा लिटर संत्र्याच्या रसाची जेली. 300 मिली पाणी, 200 मिली गाळलेला रस, चवीपुरती साखर आणि 4 ग्रॅम अगर पावडर. यात सुरी लावली की स्वच्छ कापली जाईल पण दगडासारखी होणार नाही अशी जेली होते, अजून मऊ हवी तर 3 ग्रॅम घ्या. चमच्याने मोजू नका, छोटा वजनकाटा वापरा, कारण इथे एका ग्रॅमने फरक पडतो. पट्ट्या किंवा दोरे असतील तर आधी भिजवून मऊ करा, उकळायला पावडरपेक्षा जास्त वेळ द्या आणि मग गाळून घ्या. रस फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवा, तो का ते पुढे येतंच.

पावडर गार पाण्यात टाका, ढवळा, पाचेक मिनिटं ठेवा. गरम पाण्यात थेट टाकली की गुठळ्या होतात.

आता खरी पायरी, जी मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त नडली: उकळणं. जिलेटिनची सवय असलेल्या माणसाचा हात इथेच आखडतो. जिलेटिन कोमट-गरम पाण्यात विरघळतं आणि जास्त उकळलं तर त्याची ताकद जाते, म्हणून आपल्याला शिकवलेलं असतं की गरम कर पण उकळू नको. अगरला ते चालत नाही. त्याचे कण साधारण 85 ते 95 अंशाला विरघळायला लागतात, त्याच्या खाली ते नुसते फुगून पाण्यात तरंगत राहतात. पाणी वाफाळलं, पावडर दिसेनाशी झाली, झालं असं समजून लोक गॅस बंद करतात आणि मग चार तासांनी "अगर सेटच झालं नाही, खराब निघालं" म्हणतात. खराब काही नसतं, ते विरघळलेलंच नसतं.

तर नीट खळखळून उकळी येऊ द्या, मग आच मंद करा आणि उकळी चालू ठेवूनच 3-4 मिनिटं सतत ढवळा, तळ आणि कडा दोन्ही खरवडत, कारण पावडर तळाशी बसते. विरघळलंय की नाही हे नुसतं भांड्यात बघून कळत नाही. चमचा बुडवून बाहेर काढा आणि उजेडात तिरका धरा. चमच्याच्या पाठीवर बारीक पारदर्शक कण, रव्यासारखे, दिसले तर अजून उकळा, गुळगुळीत थर दिसला तर झालं. मग एक चमचा मिश्रण गार ताटलीत ओता. दोन-तीन मिनिटांत ते बोटाने ढकलल्यावर एकसंध सरकलं पाहिजे. इथे पातळ राहिलं तर साच्यातही पातळच राहणार, तेव्हा ही चाचणी टाळू नका. साखर अगर विरघळल्यावरच घाला.

आणि रस या उकळीत घालायचा नाही, हे मी ठामपणे सांगतो. आंबट पदार्थात अगर बराच वेळ उकळलं की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि जेली ढिली होते. लिंबाच्या बाबतीत तर हे अगदीच जाणवतं. आधी साध्या पाण्यात अगर पूर्ण तयार करा, गॅस बंद करा, मग रस.

पण तो रस गार नको. अगर साधारण 35 ते 40 अंशाला घट्ट व्हायला लागतं, म्हणजे फ्रिजची गरज नाही, टेबलावरच सेट होतं. फ्रिजमधला रस ओतला तर जिथे तो गरम मिश्रणाला लागतो तिथेच धागे आणि गुठळ्या तयार होतात, मग कितीही ढवळा. घरातल्या तापमानाचा 200 मिली रस 300 मिली गरम पाण्यात गेला की मिश्रण 60 अंशाच्या आसपास राहतं आणि साच्यात ओतायला निवांत वेळ मिळतो. रस जास्त आणि पाणी कमी घ्यायचं असेल तर रस आधी कोमट करा.

गुठळ्या झाल्याच किंवा सेट झालं नाही तर फेकू नका. परत भांड्यात घाला, थोडं पाणी घालून परत नीट उकळा. रस त्यात गेलेला असला तर उकळी थोडक्यात आटपा, जेली जरा मऊ होईल पण होईल.

साच्यात ओता, हलवू नका, तासाभरात तयार.

अगरचा एक मोठा फायदा असा की ताजा अननस, किवी, पपई यांच्यातली एन्झाइम्स जिलेटिनचं प्रोटीन तोडतात आणि ते सेटच होत नाही, अगरला त्यांचा काही फरक पडत नाही. शिवाय एकदा सेट झालेलं अगर 85 अंशाच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातही जेली उभी राहते. 1881 साली जर्मनीत फॅनी हेसे यांनी जंतू वाढवण्याच्या प्रयोगांसाठी जिलेटिनऐवजी अगर सुचवलं ते याचसाठी, 37 अंशाला जिलेटिन पातळ व्हायचं आणि काही जंतू तर ते पचवूनच टाकायचे. आजही प्रयोगशाळेतल्या पेट्री डिशमध्ये अगरच असतं.

पण याच गुणामुळे ते तोंडात विरघळत नाही. जिलेटिन शरीराच्या उष्णतेने वितळतं, अगर दातांनी तुटतं, जरा ठिसूळ लागतं, आणि दोन दिवस ठेवलं की पाणी सोडतं. फ्रीझरमध्ये तर ठेवूच नका, सगळं पाणी बाहेर येऊन स्पंज उरतो. कापून खायची जेली, केकवरचा फळांचा थर, दुधाची घट्ट वडी यासाठी बिनधास्त वापरा. मार्शमॅलो किंवा लवचिक ताणली जाणारी गमी हवी असेल तर नुसत्या अगरने ती होणार नाही, त्यासाठी वेगळी रेसिपी शोधा. आणि तयार जेली पावडरचं पाकीट घेताना घटकांची यादी वाचा, पाकिटावर फळांचं चित्र असलं तरी आत जिलेटिन असू शकतं.