संग्रहालयात कापड-कागद मांडताय? उजेडाच्या या चुका टाळा

जुनी लुगडी, शेले, पत्रं, नकाशे मांडणाऱ्या लहान संग्रहालयांत दिवे कुठे आणि किती लावायचे हे बघायला मला बोलावतात. गावं बदलतात, चुका त्याच असतात. त्यांतल्या दोन चुकांनी सगळ्यात जास्त कापड वाया गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्यावर सविस्तर लिहिते, बाकीच्या थोडक्यात.

"काचेला यूव्ही फिल्म लावली, आता काळजी नाही"

एका वाड्यातल्या संग्रहालयात हिरवा रेशमी शेला होता. कच्च्या कैरीचा हिरवा. समोर दक्षिणेची खिडकी. पहिल्या भेटीत मी खिडकीला जाड पडदा लावायला सांगितला आणि शेल्यावरचा दिवा ५० लक्सवर आणून दिला. लक्स म्हणजे वस्तूवर किती उजेड पडतो त्याचं माप. दीड वर्षाने दुसऱ्या कामासाठी गेले तर पडदा गायब. तिथला मुलगा उत्साहाने म्हणाला, "मॅडम, आता फिल्म लावलीय ना, यूव्ही येतच नाही. पडद्यामुळे लोकांना काही दिसत नव्हतं." पडदा काढूनच त्यांना वर्ष होऊन गेलं होतं.

शेल्याजवळ लक्समीटर धरला. आकडा ६००च्या आसपास. कपाट उघडायला लावलं. शेला मधोमध घडी घालून दांडीवर सोडला होता. आतली बाजू हळूच उचलून पाहिली, ती अजून कैरीसारखी हिरवी. दर्शनी बाजू मोरपंखीच्याही पलीकडे जाऊन नीळ दिसायला लागलेली. माहितीची पट्टी पदराला टेकवून ठेवली होती. ती बाजूला केली तर तिच्याच मापाचा हिरवागार चौकोन खाली, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मलाही बोलवेना.

काय झालं होतं? जुना हिरवा रंग बहुतेक वेळा दोन रंगांनी व्हायचा. आधी निळीत बुडवायचं, मग वरून पिवळं चढवायचं, आणि ते पिवळं पुष्कळदा हळदीचं. नीळ टिकाऊ, हळद अगदी कच्ची. हे आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो, आणि ओलाच कपडा उन्हात टाकला की संध्याकाळपर्यंत डाग उडतो. तोच डाग उडवायचा उपाय त्या शेल्यावर वर्षभर चालू होता. पिवळं उडालं, निळं मागे राहिलं.

आता फिल्मचं. रंगाला मोडतो तो त्याने शोषलेला उजेड. हळद पिवळी दिसते कारण ती निळा-जांभळा उजेड शोषून घेते, सगळ्यात जास्त साधारण ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा. यूव्ही फिल्म ४००च्या खालचं, म्हणजे डोळ्याला न दिसणारं अतिनील, अडवते. म्हणजे हळदीला मारणारा उजेड फिल्ममधून सरळ आत येतो, कारण तो डोळ्याला दिसणारा उजेड आहे. यूव्ही अडवायलाच हवं. त्याने रेशमाचा धागा कुजतो, वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो. पण कच्च्या रंगांसाठी फिल्म म्हणजे अर्ध्याहून कमी काम.

"एलईडीत यूव्ही नसतं, मग कितीही लावा" ही याच चुकीची नवी आवृत्ती. पांढऱ्याशुभ्र एलईडीत ४५० नॅनोमीटरला निळ्याचा मोठा उंचवटा असतो. मी ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, रंग नीट दाखवणारे, सीआरआय ९०च्या वरचे दिवेच घेते आणि तेही मंद करूनच लावते.

"आम्ही ५० लक्स ठेवलंय, म्हणजे सुरक्षित"

ही चूक शिकलेली माणसं करतात, म्हणून जास्त चिकट आहे. कापड, कागद, जलरंग यांच्यासाठी ५० लक्स हा आकडा सगळीकडे छापलेला असतो. तो डोळ्याकडून आलाय. त्याच्या खाली गेलं की माणसाला रंग आणि बारीक काम नीट कळेनासं होतं, म्हणून तिथे थांबायचं. कापड ५० लक्सलाही विटतं, फक्त सावकाश.

मोजायचं असतं ते लक्स गुणिले तास. दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस, ५० लक्स: वर्षाचे झाले १,२०,००० लक्स-तास. सगळ्यात कच्च्या रंगात डोळ्याला पहिला फरक जाणवायला, यूव्ही पूर्ण अडवलं तरी, सुमारे ३ लाख लक्स-तास पुरतात. म्हणजे सगळे नियम पाळूनही अडीच वर्षं. त्या शेल्याला ६०० लक्सने दिवसाला ४,८०० मिळत होते, म्हणजे तीन लाखांची मर्यादा दोन महिन्यांतच ओलांडली. उरलेले महिने तो नुसता झिजत होता आणि रोज समोरून जाणाऱ्यांना कळत नव्हतं, कारण रोज पाहणाऱ्याला विटणं दिसत नाही. झाकलेला भाग शेजारी आला तरच दिसतं.

रात्रभर अंधारात ठेवल्याने कापडाला विश्रांती मिळते आणि रंग सावरतो, असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. रंग सावरत नाही. गेलेले लक्स-तास जमाच राहतात, आजोबांच्या काळात उन्हात टांगलेले दिवससुद्धा त्यात मोजायचे. म्हणून मांडण्याआधी कापड कोणत्या घरातून, कुठल्या भिंतीवरून आलंय हे विचारून घ्या.

सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश संस्थेने २००४ साली अतिनाजूक वस्तूंसाठी वर्षाला १५,००० लक्स-तासांची मर्यादा सुचवली. ५० लक्सला भागा: ३०० तास. रोज ८ तास म्हटलं तर जेमतेम ३८ दिवस. माझा शिरस्ता यावरूनच ठरलाय. हळद, लाख किंवा १८५६ नंतरचे सुरुवातीचे कृत्रिम ॲनिलिन रंग असल्याची शंका असेल तर वस्तू वर्षातून पाच आठवडे बाहेर, बाकी वर्ष पेटीत. एका वर्षात पाचच आठवडे नको असतील तर तीन वर्षांचं साठवून तीन महिने मांडा, मग उरलेली पावणेतीन वर्षं अंधार. "आमच्याकडे दाखवायला दुसरं काही नाही" असं म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते: दोन शेले असतील तर आलटून पालटून लावा, एकच असेल तर उत्तम छायाचित्र लावा आणि मूळ शेला सणासारखा ठराविक दिवशी काढा.

एका ओळीत सांगायच्या चुका

मोबाइलवरच्या ॲपने लक्स मोजू नका. दोन फोन दोन आकडे सांगतात. साधा लक्समीटर घ्या, आणि तो वस्तूच्या पृष्ठभागाला लागून, त्याला समांतर, तोंड बाहेरच्या बाजूला करून, वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी धरा.

फ्लॅशवर सगळा राग काढू नका. तो क्षणभराचा असतो, तुमचा दिवा दिवसभराचा.

कपाटाच्या आत दिवा बसवू नका. उजेडापेक्षा त्याच्या उष्णतेने आतली हवा रोज तापते, थंड होते आणि रेशीम त्याबरोबर ओढलं जातं.

कागद म्हणजे एकच वस्तू असं धरू नका. मोडी पत्राची काजळीची शाई उजेडाला दाद देत नाही, पण त्याच कपाटातल्या विसाव्या शतकातल्या कागदावरचा जांभळा रबरी शिक्का आणि कॉपिंग पेन्सिलची सही बघता बघता उडते. मर्यादा सगळ्यात कच्च्या गोष्टीवरून ठरते.

पाहणी मे महिन्यात करून मोकळे होऊ नका. तेव्हा दुपारचं ऊन डोक्यावर असतं, दक्षिणेच्या खिडकीतून आत येत नाही. डिसेंबरात सूर्य खाली येतो आणि तेच ऊन खोलीच्या मध्यापर्यंत शिरतं. थेट ऊन १ लाख लक्सच्या घरात जातं. म्हणजे उन्हाचा कवडसा कापडावर तासभर पडला तरी ५० लक्सचं जवळपास वर्ष खर्ची पडतं. माझा नियम असा की कुठल्याही नव्या दालनाला मी डिसेंबरात एकदा, अकरा ते तीन, खुर्ची टाकून बसते.

"अंधार फार आहे"

ही तक्रार खरी असते, तिला हसू नका. एका दालनात आजी दारातच थबकल्या आणि नातीला म्हणाल्या, "अगं, दिवे लावायला सांग की त्यांना." वयाबरोबर डोळ्यात शिरणारा उजेड कमी होतो. पण त्या दिवशी अडचण कापडावरच्या ५० लक्सची नव्हतीच. आजी भर दुपारच्या अंगणातून थेट आत आल्या होत्या, समोरची भिंत पांढरी, आणि शेजारी लखलखीत दिव्याखाली संस्थापकांचा फोटो. डोळा त्या फोटोला जुळवून घेत होता, शेल्याला नाही.

अधीर मंडळी अशा वेळी दिव्याचं बटण फिरवून मोकळी होतात. त्यापेक्षा बाकीचं मंद करा. वाटेत एक अर्धवट उजेडाची खोली ठेवा, तिथे काहीतरी वाचायला लावा म्हणजे लोक चार-पाच मिनिटं रेंगाळतात आणि डोळा जुळतो. भिंती गडद करा, काचेतलं प्रतिबिंब मारा, माहितीची अक्षरं मोठी करा. आम्ही तो फोटो दुसऱ्या खोलीत हलवला, भिंतीला करडा रंग दिला, दारात बाक टाकला. शेल्यावरचा आकडा ५०च राहिला, आणि शेल्यावरची जर लखलखायला लागली. जरीला भरपूर उजेड लागत नाही, तिरका लागतो. दिवा बाजूने साधारण ३० अंशांनी टाकून बघा.

ब्लू वूल कार्ड

तुमचा अंदाज बरोबर आहे की नाही हे कापडाला विचारू नका, कार्डाला विचारा. ब्लू वूल कार्डावर निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात, पहिली सगळ्यात कच्ची, आठवी सगळ्यात पक्की. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने घट्ट झाका, मागे तारीख लिहा, आणि कार्ड कापडाच्याच उंचीवर, त्याच उजेडात ठेवा. कोपऱ्यात लपवलेलं कार्ड खोटं बोलतं. दर महिन्याच्या एक तारखेला कागद उचलून दिवसाच्या उजेडात दोन्ही अर्धे शेजारी धरून बघा आणि वहीत लिहा. पहिल्या पट्टीवर रेघ दिसली की हळदीचं कापड त्याच संध्याकाळी खाली उतरवा, उरलेले दिवस मोजत बसू नका.

त्या वाड्यात आता शेल्याच्या शेजारी असं कार्ड आहे. शेला उलटा करून, हिरवी बाजू बाहेर काढून वर्षातून पाच आठवडे लावतात. पडदा परत आलाय आणि कार्डाची वही तोच मुलगा लिहितो.