लाँग वीकेंडच्या दरपत्रकात तारखा नकोत, रात्री लिहा

‘25 ते 27 सप्टेंबर, किमान दोन दिवस, जादा आकार लागू.’ फोनवर ठीक वाटतं, पण काउंटरवर याच वाक्यावरून वाद होतो. 27 ची रात्र यात धरली की नाही? शुक्रवारी येऊन शनिवारी गेलेला पाहुणा म्हणतो, ‘दोन दिवस झाले की हो!’ आणि तसं पाहिलं तर त्याचं चुकत नाही.

2026 मध्ये अनंत चतुर्दशी शुक्रवारी, 25 सप्टेंबरला आहे. पुण्यातली विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, म्हणून पेठेतल्या छोट्या हॉटेलने असं लिहावं:

‘मुक्कामात 25 सप्टेंबरची रात्र असल्यास किमान दोन सलग रात्रींचं बुकिंग. 25 आणि 26 च्या रात्रींना प्रत्येक खोलीमागे प्रतिरात्र 700 रुपये जादा, जीएसटी वेगळा. लवकर खोली सोडल्यास दोन्ही रात्रींचे पैसे लागतील.’

यात गुरुवारी येऊन शनिवारी जाणाराही बसतो. त्याला जादा आकार फक्त शुक्रवारच्या रात्रीचा. शनिवारी येणाऱ्याला एकच रात्रही घेता येते, पण जादा आकारासह. ‘प्रत्येक खोलीमागे’ गाळलंत, तर चौघांचं कुटुंब माणशी हिशेब समजून घाबरतं.

मूळ दर 2,800 असेल तर शुक्रवार-शनिवारचे 7,000, त्यावर 5 टक्के जीएसटी 350, एकूण 7,350. हा आकडा अ‍ॅडव्हान्स घेण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर मागवा. जादा आकार खोलीच्या दरातच धरून त्यावरही जीएसटी लावायचा, हे बिल करणाऱ्या पोराला आधी सांगून ठेवा.